अडखळा, पण योग्य जागी: आयईएलटीएस स्पीकिंगमध्ये फिलर आणि चुकांची दुरुस्ती

माझ्याकडे तयारीला आलेल्या एका विद्यार्थिनीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "सर, मी 'अं' म्हणणं पूर्ण बंद केलंय." आणि खरंच बंद केलं होतं. दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये एकही 'अं' नव्हता. त्याच्या जागी प्रत्येक वाक्याच्या मधोमध तीन-तीन, चार-चार सेकंदांची शांतता होती आणि त्यानंतर मागचे तीन शब्द पुन्हा. 'अं' गेला, पण ज्यामुळे तो येत होता ते तिथेच राहिलं. आधी ते निदान माणसासारखं वाटत तरी होतं.

फिलर, म्हणजे 'अं'सारखे वेळ काढणारे आवाज आणि शब्द, वाईट आणि चूक सुधारणं चांगलं, असा समज अनेकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो. दोन्ही अर्धवट खरं आहे. फिलर कुठे आला आणि चूक कशी सुधारली, यावर सगळं अवलंबून असतं.

गुण नेमके कशाचे जातात

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतली स्पीकिंग परीक्षा ११ ते १४ मिनिटांची असते आणि चार निकषांना सारखंच वजन असतं: फ्लुएन्सी अँड कोहिअरन्स, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार. म्हणजे अडखळण्याचा थेट परिणाम एक चतुर्थांश गुणांवर होतो. या निकषाचं बँडनिहाय, म्हणजे गुणांच्या पातळीनुसार, वर्णन सगळ्यांना वाचायला उपलब्ध आहे, आणि त्यातली एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ९ बँडच्या वर्णनातही अडखळणं आहे! फक्त ते पुढे काय सांगायचं हे ठरवण्यासाठी असावं, शब्द किंवा व्याकरण शोधण्यासाठी नको. ८ बँडला अधूनमधून शब्दासाठी अडखळलेलं चालतं, पण बहुतांश वेळा थांबण्याचं कारण आशयच असावा लागतो. ७ बँडला वाक्याच्या मध्ये अडखळणं, पुनरुक्ती आणि सुधारणा चालतात, पण त्यामुळे बोलण्याचा धागा तुटता कामा नये. ६ बँडला तो अधूनमधून तुटतो. आणि ५ बँडला उमेदवार बोलत राहण्यासाठी पुनरुक्ती आणि सुधारणा यांचाच आधार घेतो, अगदी साध्या शब्दांसाठीही वाक्याच्या मध्ये चाचपडतो आणि काही ठराविक जोडशब्द गरजेपेक्षा जास्त वापरतो.

म्हणजे परीक्षक 'अं' मोजत बसलेला नसतो. तुम्ही का थांबलात, हे तो ऐकतो. पण तुमच्या डोक्यात तर त्याला डोकावता येत नाही. मग कारण कळतं कसं? मुख्यतः जागेवरून. एक विचार संपून दुसरा सुरू होण्याआधी थांबलात, तर ऐकणाऱ्याला वाटतं की हा माणूस विचार करतोय. 'अबाउट' म्हणून थांबलात, 'ऑफ द' म्हणून थांबलात, तर पुढचा शब्द सापडत नाहीये हे कुणालाही कळतं. थांबण्याचा वेळ दोन्हीकडे सारखाच असला तरी.

पायरी पहिली: स्वतःचं बोलणं कागदावर उतरवा

फोनवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. पार्ट टूचा, म्हणजे परीक्षेतल्या सलग बोलण्याच्या भागाचा, कुठलाही विषय घ्या, एक मिनिट तयारी, मग बोलणं. त्यानंतर कंटाळा न करता जसंच्या तसं लिहून काढा. 'अं', तुटलेले शब्द, पुन्हा म्हटलेले शब्द, सगळं. याला अर्धा तास लागतो आणि हा अर्धा तास टाळता येत नाही, कारण बोलताना आपण कुठे थांबतो हे आपल्याला स्वतःला कधीच नीट ऐकू येत नाही.

एका उमेदवाराचा असा उतारा बघू. विषय होता, मोठ्या माणसाकडून शिकलेलं एखादं कौशल्य.

"सो… अं… आय वुड लाइक टू टॉक अबाउट… मीन्स… स्विमिंग. माय अंकल टीच मी… टॉट मी… अं… ही टॉट मी स्विमिंग व्हेन आय वॉज… व्हेन आय वॉज इन… इन सिक्स्थ स्टँडर्ड. इन द बिगिनिंग आय वॉज व्हेरी… व्हेरी… काय ते… अफ्रेड ऑफ द… ऑफ द डीप… डीप साइड. अं… बट माय अंकल, ही सेड… ही टोल्ड मी दॅट… मीन्स… यू जस्ट होल्ड द वॉल अँड किक. सो आय डिड दॅट फॉर टू वीक्स, नो, थ्री वीक्स, अँड देन वन डे ही रिमूव्ह्ड हिज हँड."

आता दोन खुणा करा. विचाराच्या सांध्यावरचं थांबणं असेल तर उभी रेघ, वाक्याच्या पोटात असेल तर फुली. या उताऱ्यात अडखळण्याच्या दहा जागा आहेत. त्यातल्या तीन बिनधास्त सोडून द्या: सुरुवातीचा 'सो… अं', मधला 'अं… बट', आणि 'टू वीक्स, नो, थ्री वीक्स'. या शेवटच्याबद्दल पुढे बोलू, कारण ती सुधारणा असूनही उत्तम आहे.

उरल्या सात फुल्या. त्यांचीही तीन कुळं आहेत. शब्द शोधणं तीनदा: 'अबाउट… मीन्स', 'व्हेरी… काय ते' आणि 'दॅट… मीन्स'. नुसती पुनरुक्ती दोनदा: 'व्हेन आय वॉज' आणि 'ऑफ द'. आणि फसलेली सुधारणा दोनदा: 'टीच-टॉट-ही टॉट' आणि 'सेड-टोल्ड'. तुमच्या उताऱ्यात प्रमाण वेगळं असेल, पण कुळं बहुधा हीच निघतील. ज्या कुळाच्या फुल्या सर्वांत जास्त, तिथून सुरुवात करायची. तिन्ही एकदम हातात घेतलीत तर बोलताना स्वतःवर पहारा देत बसाल आणि नव्याने अडखळाल.

'मीन्स'चा बंदोबस्त

हा दोष खास आपला, मराठी बोलणाऱ्यांचा. मराठीत 'म्हणजे' किती कामं करतं बघा. खुलासा करतं, वेळ काढतं, आधीचं बोलणं मागे घेतं, आणि 'म्हणजे काय झालं' म्हणून गोष्टही सुरू करतं. तो शब्द भाषांतर होऊन इंग्रजीत 'मीन्स' म्हणून बाहेर पडतो. पण इंग्रजीत 'मीन्स' हे साधं क्रियापद आहे आणि त्याला कर्ता लागतो. त्यामुळे 'मीन्स, आय वॉज नर्व्हस' हा नुसता फिलर न राहता व्याकरणाची चूक होऊन बसतो. एकाच शब्दाने दोन निकषांत नुकसान.

'मीन्स' काढून टाका असं सांगून काही होत नाही, कारण त्याने भरलेली जागा रिकामी राहते. त्या जागी 'आय मीन' ठेवा. हे 'म्हणजे'च्या सगळ्यांत जवळचं आहे. खुलासा करायलाही चालतं आणि सुधारणा करायलाही. एकच पर्याय पुरे. सुरुवातीला 'मीन्स' तोंडातून निघेलच आणि मग तुम्ही 'आय मीन' म्हणाल. तरी हरकत नाही, आठवडाभरात आधीचा शब्द गळायला लागतो. पण 'आय मीन' दर वाक्याला आलं तर तोही सवयीचा शब्द म्हणून कानाला खटकतो. ठराविक जोडशब्दांचा अतिवापर ५ बँडच्या वर्णनात आहे, हे आठवत असेलच.

'ॲक्च्युअली' आणि 'बेसिकली' यांचंही तसंच. 'ॲक्च्युअली' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता आधीच्या समजुतीला छेद देणारं काहीतरी येणार. 'ॲक्च्युअली माय नेम इज' असं म्हणणाऱ्याला काय सांगायचं! आणि 'काय ते', 'आपलं', 'ना' हे मराठी शब्द तोंडून गेलेच तर त्यांची माफी मागत थांबू नका. थांबण्याने ते जास्त ठळक होतात.

पायरी दुसरी: थांबणं सांध्यावर हलवा

वाक्याच्या पोटात आपण अडकतो, कारण वाक्य सुरू करताना त्याचा शेवट ठरलेला नसतो. उपाय असा की थांबायचं ते वाक्याच्या आधी, आणि एकदा तोंड उघडलं की तो तुकडा सलग संपवायचा. तुकडा म्हणजे अख्खं वाक्य नव्हे. 'व्हेन आय वॉज इलेव्हन' हा एक तुकडा, 'माय अंकल टॉट मी टू स्विम' हा दुसरा. दोन तुकड्यांच्या मध्ये एखादा सेकंद गेला तरी बोलणं ओघवतंच वाटतं.

सरावासाठी आपलाच लिहिलेला उतारा घ्या, त्याचे चार ते सात शब्दांचे तुकडे पाडा आणि वाचा. तुकड्याच्या आत श्वासही घ्यायचा नाही, तुकड्यांच्या मध्ये हवं तेवढं थांबायचं. सुरुवातीला हे रोबोटसारखं वाटतं. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मधल्या जागा आपोआप लहान होतात. मग कागद बाजूला ठेवून त्याच विषयावर बोला.

जोडशब्द म्हणून मग थांबणं ही चांगली बोलणारी माणसं नेहमी वापरतात ती युक्ती आहे. 'अँड…', 'बट…', 'बिकॉज…' म्हणून थांबलात तर ऐकणाऱ्याला कळतं की पुढे आणखी आहे. तुमचं बोलणं संपलं असं समजून परीक्षक मध्ये बोलत नाही, आणि तुम्हाला पुढचा तुकडा जुळवायला सेकंद-दीड सेकंद मिळतो. या जागी 'अं' आला तर येऊ द्या. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी २००२ साली इंग्रजी बोलणाऱ्यांच्या संभाषणांचा अभ्यास करून दाखवलं होतं की 'अऽ' आणि 'अम्' हे आवाज ऐकणाऱ्याला माहिती देतात: पहिल्यानंतर थोडा वेळ लागणार, दुसऱ्यानंतर जरा जास्त. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे तेही हे आवाज वापरतात. तेव्हा त्यांचा धसका घेण्याचं कारण नाही.

शब्दच सापडला नाही तर

वर 'डीप साइड'पाशी उमेदवार तीनदा अडखळला. त्याला 'डीप एंड' हवं होतं आणि ते आठवत नव्हतं. अशा वेळी डोकं एकाच शब्दापाशी रुतून बसतं आणि तोंड तेच दोन शब्द घोकत राहतं. इथे करायचं असं की पुन्हा शोधायचं नाही. वस्तूचं वर्णन करायचं. 'द पार्ट व्हेअर माय फीट डिडन्ट टच द बॉटम.' सगळे शब्द शाळकरी आहेत, पण वाक्य सलग आलं, आणि अर्थ 'डीप एंड'पेक्षा जास्त जिवंत झाला. शिवाय शब्द माहीत नसताना दुसऱ्या शब्दांत सांगता येणं हे शब्दसंपदेच्या निकषात जमेची बाजू म्हणूनच धरलं जातं.

याचा सराव वेगळा करावा लागतो. घरातल्या दहा वस्तू घ्या आणि नाव न घेता प्रत्येकीचं एका वाक्यात वर्णन करा. 'द थिंग यू यूज टू', 'द प्लेस व्हेअर', 'अ काइंड ऑफ', 'द पर्सन हू' एवढे चार दरवाजे पुरतात. रोज पाच मिनिटं केलं तरी दहा-बारा दिवसांत अडल्या क्षणी हात आपोआप या दरवाजांकडे जातो.

पायरी तिसरी: कोणती चूक सुधारायची

इथे खरी ओढाताण आहे. चूक तशीच सोडली तर व्याकरणात गुण जातात, कारण ७ बँडच्या वर्णनात बिनचूक वाक्यं वारंवार यावीत अशी अपेक्षा आहे. प्रत्येक चूक सुधारत बसलात तर फ्लुएन्सीत जातात. माझा नियम असा: जी चूक लगेच ध्यानात आली आणि एका झटक्यात सुधारता येते, ती सुधारायची. बाकी सगळी जाऊ द्यायची.

'लगेच' म्हणजे त्याच तुकड्यात. 'माय अंकल टीच… टॉट मी' इथे चूक तोंडातून निघता निघता पकडली. पुढचं अख्खं वाक्य बोलून झाल्यावर आठवलं की मघाशी 'टीच' म्हणालो, तर परत जायचं नाही. परत गेलात तर परीक्षकाला धागा सोडून मागे यावं लागतं आणि त्याच्या लक्षात न आलेली चूकही तुम्ही हाताला धरून त्याला दाखवता.

अर्थ बदलत असेल तर मात्र उशिरा का होईना, सुधारा. दोन आठवडे की तीन, काका की मामा, मागच्या वर्षी की पुढच्या, हे चुकलं तर गोष्टच बिघडते. 'टू वीक्स, नो, थ्री वीक्स' ही सुधारणा माझ्या मते भूषणच आहे. ती आशयाची आहे, भाषेची नाही. आपलीच गोष्ट आठवून सांगणारा माणूस असाच बोलतो.

आता सुधारायचं कसं. डच मानसभाषाशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९८३ साली लोक बोलताना स्वतःला कसे सुधारतात याची बारकाईने मांडणी केली. त्यांचं एक निरीक्षण उमेदवारांना फार उपयोगी आहे. चुकलेला तुकडा पूर्ण करून तो आणि सुधारलेला तुकडा 'ऑर'ने जोडून पाहा. वाक्य सुसंगत बनलं, तर सुधारणा कानाला सहज वाटते. 'टू वीक्स ऑर थ्री वीक्स' जुळतं. पण 'माय अंकल टॉट मी… आय लर्न्ट फ्रॉम हिम… स्विमिंग वॉज टॉट' यात प्रत्येक वेळी वाक्याचा सांगाडाच बदलला. ऐकणाऱ्याला तीन वेळा नव्याने सुरुवात करावी लागते. थोडक्यात, चुकलेला तुकडा काढून त्याच मापाचा तुकडा बसवायचा. दरवाजाची कडी बदलायला भिंत पाडायची नसते.

सुधारणा एकदाच. 'टीच मी… टॉट मी… अं… ही टॉट मी' मध्ये दुसऱ्या शब्दापाशी काम झालं होतं. तिसरी खेप निव्वळ घाबरटपणाची. 'सॉरी' एका उत्तरात फार तर एकदा, आणि खालच्या सुरात 'ऑर रादर' किंवा 'आय मीन' त्याहून बरं. आणि 'सेड'चं 'टोल्ड' केलं तसं बरोबर असलेलं सुधारू नका. हे दिसतं त्याहून जास्त घडतं. 'सेड' सोपं वाटतं, म्हणून काहीतरी भारी हवं, असं वाटून लोक चाललेली गाडी थांबवतात.

जी चूक तुमच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये येते, तिची दुरुस्ती बोलता बोलता होणार नाही. 'सिन्स फाइव्ह इयर्स' किंवा 'आय ॲम हॅव्हिंग टू ब्रदर्स' हे तोंडात बसलेलं आहे. परीक्षेत ते जाऊ द्या आणि घरी त्यावर वेगळं काम करा: योग्य रूप वापरून रोज स्वतःच्या आयुष्यातली पाच वाक्यं मोठ्याने बोला.

पायरी चौथी: तेच बोलणं, कमी वेळात

कीथ मॉरिस यांनी १९८३ साली मांडलेला आणि पॉल नेशन यांनी १९८९ साली अभ्यासलेला '४/३/२' हा सराव या कामासाठी मला सर्वांत भरवशाचा वाटतो. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत सांगायची, मग दुसऱ्या श्रोत्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन. आशय तोच राहतो, त्यामुळे काय सांगायचं याची चिंता उरत नाही आणि सगळी शक्ती शब्द जुळवण्याकडे जाते. श्रोते नसले तरी फोनसमोर करा; पार्ट टूसाठी तीन, अडीच आणि दोन मिनिटं असं माप ठेवलं तरी चालेल.

यात एक मेख आहे. नुसतं तीनदा बोललात तर चुकाही तीनदा घोकल्या जातात. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये थांबा, रेकॉर्डिंग ऐका, दोनच चुका निवडा आणि त्यांची बरोबर रूपं लिहून ठेवा. पोहण्याच्या उताऱ्याच्या बाबतीत आम्ही 'टॉट' आणि 'पाण्यात पाय न टेकणारी जागा' एवढंच घेतलं. तिसऱ्या फेरीत तेच बोलणं असं आलं:

"अं… वेल, द थिंग आय वॉन्ट टू टॉक अबाउट इज स्विमिंग. माय अंकल टॉट मी व्हेन आय वॉज अबाउट इलेव्हन. ॲट फर्स्ट आय वॉज रिअली स्केअर्ड ऑफ द पार्ट व्हेअर माय फीट डिडन्ट टच द बॉटम. बट… अं… माय अंकल सेड, जस्ट होल्ड द वॉल अँड किक. सो आय डिड दॅट फॉर टू वीक्स, नो, थ्री वीक्स, अँड देन वन डे ही जस्ट लेट गो ऑफ मी."

अडखळणं अजूनही आहे, तीन जागी. तिन्ही सांध्यावर किंवा आशयाचं. भाषाही काही फार अवघड झालेली नाही.

परीक्षेच्या खोलीत

पार्ट वनमध्ये प्रश्न साधे असतात: काम, घर, आवडी. तिथे 'दॅट्स अ व्हेरी इंटरेस्टिंग क्वेश्चन' म्हणून वेळ काढू नका. 'तुम्ही कुठे राहता' हा प्रश्न इंटरेस्टिंग नसतो, आणि पाठ केलेलं वाक्य परीक्षकाच्या कानाला पटकन कळतं. असे विचार करण्याचे शब्द पार्ट थ्रीसाठी राखा. तिथे प्रश्न खरोखर अमूर्त असतात आणि विचारासाठी थांबणं स्वाभाविक असतं. 'आय हॅव्हन्ट रिअली थॉट अबाउट दॅट, बट…' हे खरंच तसं असेल तेव्हाच म्हणा. प्रश्न कळला नसेल तर सरळ पुन्हा विचारा. अर्धवट कळलेल्या प्रश्नाचं उत्तर देताना होणारं अडखळणं त्याहून महागात पडतं.

पार्ट टूमध्ये तयारीच्या मिनिटात वाक्यं लिहू नका. लिहिलेलं वाक्य आठवायला गेलात की नेमकं पोटातच अडकता. चार-पाच शब्द लिहा, आणि अडण्याची शक्यता असलेला एखादा शब्द असेल तर त्याचं वर्णन कसं करायचं तेही कोपऱ्यात.

हे सगळं समोर माणूस बसून गुण देतो त्या परीक्षेसाठी आहे. पीटीई ही इंग्रजीची दुसरी परीक्षा देत असाल तर हिशोब बदलतो. तिथे गुणदान मुख्यतः संगणक करतो, आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त शांत राहिलात तर रेकॉर्डिंग बंद होतं. फ्लुएन्सीच्या निकषात अडखळणं, पुनरुक्ती आणि वाक्य मध्येच सोडून नव्याने सुरू करणं या गोष्टी नावानिशी मोजल्या जातात. 'टू वीक्स, नो, थ्री वीक्स' मधली माणसाला भावणारी सहजता तिथे कामाची नाही. दोन आठवडे म्हणालात, तर दोनच राहू द्या आणि पुढे चला.

दर आठवड्याला एक नवा उतारा लिहून काढा आणि फुल्या मोजा. एकूण अडखळणं तेवढंच राहिलं आणि फुल्या सातावरून तीनवर आल्या, तर काम होतंय असं समजा. दोन्ही कमी झालं, पण बोलणं आखूड आणि वाक्यं शाळकरी झाली, तर तुम्ही धोका टाळायला लागला आहात. पुढच्या उताऱ्यासाठी जरा अवघड विषय निवडा.